एक बिघाड बापाकडून, दुसरा डोळ्यात: रेटिनोब्लास्टोमा घराण्यात कसा उतरतो

मे महिन्यात रेटिनोब्लास्टोमाचा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याला, दृष्टिपटलाला होणाऱ्या कॅन्सरचा, जागृती सप्ताह असतो आणि त्या सुमाराला व्हॉट्सॲपवर एक फोटो हमखास फिरतो. फ्लॅश मारून काढलेला बाळाचा फोटो, एक बाहुली लालसर आणि दुसरी पांढरी. खाली सूचना असते की असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. सूचना बरोबर आहे. अशी पांढरी चमक मोतीबिंदूमुळे किंवा नुसत्या उजेडाच्या कोनामुळेही दिसू शकते, पण ते डोळ्यांच्या डॉक्टरनेच ठरवावं. खरा गोंधळ उडतो तो निदान झाल्यावर, डॉक्टर म्हणतात, "हा आनुवंशिक असू शकतो. आईवडिलांचं आणि भावंडांचं रक्त तपासू," तेव्हा.

हा गोंधळ नीट समजून घेण्यासाठी लालबागचं एक कुटुंब घेऊ. कुटुंब कल्पित आहे, पण त्यांच्या बाबतीत जे घडतं ते या आजारात खरोखर असंच घडतं. वडील एकतीस वर्षांचे. त्यांचा डावा डोळा दोन वर्षांचे असतानाच काढावा लागला होता. घरात सगळ्यांची समजूत अशी, की जिन्यावरून पडले आणि मार लागला. त्यांची मुलगी सात महिन्यांची असताना दोन्ही डोळ्यांत गाठी सापडल्या. उजवा डोळा गाठीने भरलेला होता, तो काढावा लागला. डाव्यातल्या दोन लहान गाठींवर केमो आणि लेझर चालू आहे. आजी सुनेला पुन्हा पुन्हा सांगते, "अगं, आमच्या सात पिढ्यांत कुणाला कॅन्सर नाही. माझ्या दिराला नाही, नणंदेला नाही. मग हा आनुवंशिक कसा?"

आजीचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधताना कॅन्सरबद्दलची समजच बदलली.

## एक प्रत बिघडली तर काय होतं?

आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या जोड्या असतात, प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आणि एक वडिलांकडून. तेराव्या गुणसूत्रावर RB1 नावाचं एक जनुक आहे. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याचा मजकूर. RB1 वरून बनणारं प्रथिन 928 दुव्यांच्या साखळीचं असतं आणि पेशीला विभागण्यापासून थोपवून धरणं हे त्याचं मुख्य काम. विभागणीचा योग्य इशारा आला की ते बाजूला होतं, एरवी अडवून बसतं. तेरावं गुणसूत्र दोन असल्यामुळे RB1 च्याही दोन प्रती असतात आणि पेशीला आवरायला त्यातली एक चांगली असली तरी पुरते.

मुंबईतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीची कल्पना करा. इथे घरोघरी पाण्याची टाकी आहे आणि प्रत्येक टाकीच्या नळीवर एकामागे एक असे दोन बॉल कॉक बसवलेत. एक बिघडला तरी दुसरा पाणी बंद करतो, घरमालकाला पत्ताही लागत नाही. टाकी ओसंडून वाहायला त्याच घरातले दोन्ही बॉल कॉक नादुरुस्त व्हावे लागतात. आता दुसरी सोसायटी घ्या. तिथे कंत्राटदाराने घरोघरचा पहिला बॉल कॉक सदोष मालातलाच बसवला. रहायला आलेल्या दिवशी कुठेच पाणी सांडत नाही. पण आता कोणत्याही घरातला एकुलता एक चांगला बॉल कॉक बिघडला की पूर आलाच, आणि घरं हजारो आहेत.

दुसरी सोसायटी म्हणजे आपली लालबागची मुलगी. वडिलांच्या बीजातून तिला RB1 ची सदोष प्रत आली. ती फक्त डोळ्यात नाही, शरीरातल्या एकूण एक पेशीत आहे. त्या प्रतीमुळे जन्मतः कॅन्सर नव्हता. दृष्टिपटलाच्या कुठल्यातरी एका पेशीत दुसरी, आईकडून आलेली चांगली प्रतही गेली, तिथे गाठ झाली. म्हणजे तिला वारसाहक्काने मिळाला तो कॅन्सर नव्हे, अर्धा रस्ता आधीच पार केलेल्या पेशी मिळाल्या.

## नुडसनने आलेख काढला

हे आज सोपं वाटतं, पण 1971 साली RB1 हे जनुक कुणाला ठाऊकही नव्हतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात आल्फ्रेड नुडसन यांनी एम. डी. अँडरसन हॉस्पिटलच्या जुन्या नोंदींमधली 48 मुलं घेतली. कोणाला एका डोळ्यात गाठ, कोणाला दोन्हींत, आणि निदान कोणत्या वयात, एवढ्याच माहितीवर त्यांनी आलेख मांडला. प्रयोगशाळा नाही, रसायन नाही. मला या शोधातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांचं निदान लवकर होत होतं आणि आलेखाची ठेवण अशी होती, की अजून निदान न झालेल्यांपैकी ठरावीक हिस्सा दर महिन्याला कमी होत जातो. एकाच घटनेची वाट पाहत असताना असंच होतं. ज्यांच्या एकाच डोळ्यात गाठ होती आणि घराण्यात इतिहास नव्हता, त्यांचं निदान उशिरा होत होतं आणि त्यांची रेषा आधी सावकाश वाकत मग उतरत होती. एका पेशीत एकामागून एक दोन घटना घडाव्या लागल्या की अशीच रेषा मिळते. नुडसन यांचा निष्कर्ष: गाठीला दोन फटके लागतात. आनुवंशिक मुलांना पहिला फटका बीजातूनच मिळालेला असतो, इतरांना दोन्ही जन्माआधी किंवा बालपणात डोळ्यातच बसतात. ते दोन फटके एकाच जनुकाच्या दोन प्रतींना बसत असावेत हे स्पष्टपणे मांडलं गेलं ते दोन वर्षांनी.

नुडसन यांनी आणखी एक हिशेब केला. सदोष प्रत असलेल्या मुलाला दोन्ही डोळे मिळून सरासरी तीन गाठी होतात, असं त्यांच्या आकड्यांवरून निघत होतं. सरासरी तीन म्हणजे एका डोळ्यामागे दीड. पण सरासरी ही सरासरीच, प्रत्येकाच्या वाट्याला तेवढंच येईल असं नाही. संभाव्यतेच्या साध्या सूत्राने मोजलं तर एखाद्या डोळ्यात एकही गाठ न होण्याची शक्यता साधारण 22 टक्के येते. दोन्ही डोळे सुटण्याची शक्यता 22 टक्क्यांचे 22 टक्के, म्हणजे सुमारे 5. म्हणून सदोष प्रत असलेली शंभर मुलं घेतली तर ढोबळ मानाने पाच जणांना गाठच होणार नाही, पस्तीस जणांना एका डोळ्यात होईल आणि साठ जणांना दोन्ही डोळ्यांत.

आता आपल्या कुटुंबाकडे परत बघा. वडील त्या पस्तिसांत, मुलगी त्या साठांत. प्रत एकच, नशीब वेगळं. वडिलांना एकाच डोळ्यात झाला म्हणून तो आनुवंशिक नव्हता, असं म्हणता येत नाही. जिन्यावरून पडण्याचा तर काहीच संबंध नाही. बहुधा डोळा आधीच अधू झाल्यामुळे ते मूल पडलं असेल.

## दुसरी प्रत इतक्या सहज कशी जाते?

इथे चौकस वाचकाला शंका येईल. जनुकाच्या मजकुरात चूक होणं ही अतिशय विरळा घटना. पहिली चूक बीजातून आली हे मान्य, पण नेमक्या त्याच जनुकात, दुसऱ्या प्रतीत, पुन्हा नवी चूक? आणि तीही एकाच मुलाच्या डोळ्यांत तीन ठिकाणी?

उत्तर असं, की बहुतेक वेळा नवी चूक होतच नाही. चांगली प्रत ज्या गुणसूत्रावर आहे ते गुणसूत्र किंवा त्याचा तुकडाच पेशी हरवून बसते. आनुवंशशास्त्रात याला लॉस ऑफ हेटेरोझायगॉसिटी म्हणतात. आईचं आणि वडिलांचं गुणसूत्र जिथे एकमेकांपासून वेगळं होतं, तिथलं ते वेगळेपण गाठीत नाहीसं झालेलं असतं. लेखात पुढे मी त्याला 'वेगळेपण जाणं' एवढंच म्हणेन.

पेशी विभागताना हे चार तऱ्हांनी होऊ शकतं. चांगलं तेरावं गुणसूत्र वाटणीत निसटतं आणि पेशीकडे एकटं सदोष गुणसूत्र उरतं. किंवा ते निसटल्यावर उरलेल्या सदोष गुणसूत्राची दुसरी नक्कल होते, मग मोजणीला दोन गुणसूत्रं दिसतात पण दोन्ही सदोष. किंवा जोडीतली दोन गुणसूत्रं आपसात टोकाकडच्या भागांची अदलाबदल करतात आणि पुढच्या विभागणीत एका पेशीकडे सदोष प्रतीचे दोन्ही तुकडे जातात. किंवा RB1 भोवतीचा छोटासा भाग गळून पडतो. यातल्या कशालाही जनुकाचा मजकूर अक्षर-अक्षर बिघडावा लागत नाही, म्हणून हे नव्या चुकीपेक्षा पुष्कळ सोपं पडतं.

1983 साली वेब्स्टर कॅव्हनी आणि सहकाऱ्यांनी मुलांचं रक्त आणि त्यांच्याच गाठी शेजारी ठेवून हे दाखवून दिलं. रक्तात तेराव्या गुणसूत्रावर दोन वेगळ्या खुणा, गाठीत एकच. पुढे आनुवंशिक रुग्णांच्या गाठींत उरलेलं गुणसूत्र आजारी पालकाकडूनच आलेलं निघालं. तेव्हाही RB1 हाती लागलं नव्हतं, ते 1986 मध्ये सापडलं.

## लालबागच्या मुलीचा रिपोर्ट

मुलीचं रक्त आणि काढलेल्या उजव्या डोळ्यातली गाठ, दोन्ही प्रयोगशाळेत गेले. रक्ताच्या रिपोर्टवर लिहिलंय: `RB1 c.1735C>T`. अर्थ असा, की जनुकाच्या मजकुरात 1735 व्या जागी C ऐवजी T आहे. त्यामुळे 579 व्या दुव्याचा संकेत CGA होता तो TGA झाला, आणि TGA म्हणजे 'इथे थांबा'. 928 दुव्यांची साखळी मध्येच तुटते आणि प्रथिन निकामी होतं. हा बदल वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा सापडलेला आहे, कारण DNA मधल्या अशा जागी C चा T सहज होतो.

रक्तात या जागेची शंभर वाचनं घेतली तर साधारण निम्म्यांत T दिसतो. दोनपैकी एक प्रत सदोष, हिशेब जुळला. वडिलांच्या रक्तातही तसंच. गाठीत मात्र शंभरातल्या 93 वाचनांत T आहे. सुनेने डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारला, "गाठीत चूक एकच दिसतेय. मग तुमचा दुसरा फटका कुठाय?"

दुसरा फटका म्हणजे C चं गायब होणं. गाठीच्या पेशींमध्ये आईकडची चांगली प्रत उरलीच नाही, म्हणून T जवळजवळ एकटा दिसतो. मग उरलेली 7 टक्के चांगली वाचनं कुठून आली? गाठीच्या नमुन्यात रक्तवाहिन्यांसारख्या निरोगी पेशीही येतात. समजा शंभर पेशींपैकी 14 निरोगी आहेत. शंभर पेशींत जनुकाच्या दोनशे प्रती, त्यातल्या चांगल्या फक्त 14, म्हणजे 7 टक्के. नमुन्यात निरोगी पेशी फार मिसळल्या तर मात्र वेगळेपण गेलेलं कळतच नाही, आणि रिपोर्ट फसतो.

आता चार तऱ्हांपैकी कोणती? त्यासाठी गुणसूत्रावरच्या तीन खुणा पाहिल्या. या खुणा म्हणजे ठरावीक अक्षरांचा तुकडा किती वेळा आलाय त्याची संख्या, जी माणसागणिक वेगळी असते. गुणसूत्राच्या मध्यबिंदूजवळची पहिली खूण वडिलांची 9 आणि आईची 12. RB1 मधली दुसरी वडिलांची 14, आईची 17. टोकाकडची तिसरी वडिलांची 21, आईची 25. गाठीत पहिल्या जागी 9 आणि 12 दोन्ही आहेत. दुसऱ्या जागी 14 ठळक आणि 17 ची पुसटशी सावली, तिसऱ्या जागी तसंच 21 ठळक आणि 25 पुसट. गुणसूत्रांची संख्या दोन. म्हणजे आख्खं गुणसूत्र हरवलेलं नाही, नाहीतर पहिल्या जागचा 12 ही गेला असता. छोटा तुकडा गळालेला नाही, नाहीतर तिसऱ्या जागी दोन्ही आकडे राहिले असते. अदलाबदलच झाली, आणि ती पहिली खूण आणि RB1 यांच्या मधे कुठेतरी. एखाद्या खुणेला आईवडिलांचा आकडा मुळातच सारखा असेल, तर ती जागा काही सांगत नाही, म्हणून एका खुणेवर कुणी निकाल देत नाही.

सगळ्याच गाठींत वेगळेपण जातं असं नाही. साधारण एक तृतीयांश गाठींत दुसरी प्रत नव्या चुकीने बिघडते किंवा तिच्यावर रासायनिक कुलूप बसून ती गप्प होते. त्यामुळे वेगळेपण शाबूत दिसलं म्हणून दुसरा फटका नव्हता असा निष्कर्ष काढू नये.

## "पण आमच्यात कुणालाच नाही"

आजीच्या प्रश्नाकडे येऊ. बीजात सदोष प्रत असलेल्या बहुतेक मुलांच्या घराण्यात इतिहास नसतो, कारण ती चूक त्यांच्यापासून नव्याने सुरू झालेली असते. आपल्या लालबागच्या वडिलांमध्ये ती नवीन होती. अशी नवी चूक बहुधा बापाच्या शुक्राणूत होते, आणि त्यात कुणाच्या खाण्यापिण्याचा, ग्रहणाचा किंवा देवाधर्माचा दोष नसतो. मोठे काका आणि आत्या निरोगी आहेत याचं कारणही तेच, चूक त्यांच्यापर्यंत कधी आलीच नव्हती.

दुसरा प्रश्न नेहमी येतो, मामेबहिणीशी लग्न केलं म्हणून हे झालं का? काही आजार नात्यातल्या लग्नामुळे वाढतात हे खरं, कारण त्या आजारांत आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत यावी लागते. इथे एका पालकाकडून आलेली पुरते, दुसरी डोळ्यातच जाते. त्यामुळे पेशीच्या पातळीवर दोन्ही प्रती जाव्या लागतात, पण घराण्यात मात्र आजार एकाच पालकाकडून, दर अपत्यामागे निम्म्या शक्यतेने उतरताना दिसतो. नात्यातल्या लग्नाने यात भर पडत नाही.

"पिढी सोडून येतो" हे वाक्यही ऐकू येतं. शंभरातले ते पाच आठवा. सदोष प्रत असूनही ज्यांना गाठ झाली नाही, त्यांच्या मुलांना ती प्रत निम्म्या शक्यतेने जातेच. पिढी चुकलेली नसते, फक्त दिसलेली नसते.

आणि घराण्यात काही नसलेल्या, एकाच डोळ्यात गाठ असलेल्या मुलाचं काय? अशा मुलांपैकी सुमारे 15 टक्क्यांच्या बीजात चूक असते. बाकीच्यांत दोन्ही फटके डोळ्यातल्या एकाच पेशीला बसलेले असतात. हे ओळखायचं तर आधी गाठीत दोन्ही फटके शोधायचे आणि मग ते रक्तात आहेत का ते पाहायचं. रक्तात सापडले नाहीत तर भावंडांना सतत भूल देऊन डोळे तपासायची गरज उरत नाही. म्हणून डोळा काढायचा ठरला की शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं, गाठीचा ताजा तुकडा जनुक तपासणीसाठी वेगळा ठेवणार का? सगळा डोळा फॉर्मालिनमध्ये गेला तरी तपासणी होऊ शकते, पण DNA तुटलेला असतो आणि उत्तर कधी धड मिळत नाही. एका डोळ्याच्या काही मुलांत चूक शरीराच्या काही पेशींतच असते, रक्ताच्या वाचनांत ती दोनचार टक्क्यांवर दिसते किंवा निसटते. अशा मुलाच्या भावंडांना धोका नसला तरी त्याच्या स्वतःच्या मुलांना असू शकतो.

## इथे सिद्धांत कुठे अपुरा पडतो

दोन फटके गाठीच्या सुरुवातीला लागतात, पण पुढे गाठीत आणखीही बदल साठत जातात. थोड्या मुलांत, एका डोळ्याच्या दोन टक्क्यांहून कमी रुग्णांत, RB1 च्या दोन्ही प्रती चांगल्या असतात आणि गाठीत MYCN नावाच्या दुसऱ्या जनुकाच्या ढीगभर प्रती झालेल्या असतात. ही बाळं निदानाच्या वेळी फारच लहान असतात.

RB1 प्रत्येक पेशीत असताना गाठ डोळ्यातच का, हाही प्रश्न उरतो. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींच्या पूर्वज पेशी या जनुकावर विशेष अवलंबून असतात, इतरत्र त्याची जबाबदारी काही अंशी दुसरी प्रथिनं उचलतात. बालपणी त्या पूर्वज पेशींचं विभागणं थांबलं, की दुसऱ्या फटक्याला जागाच उरत नाही. म्हणून पाचसहा वर्षांनंतर हा आजार क्वचितच होतो.

पण 'इतरत्र' याचा अर्थ 'कधीच नाही' असा नव्हे. सदोष प्रत शरीरभर आहे, आणि हाडाच्या किंवा स्नायूसारख्या मऊ भागाच्या एखाद्या पेशीत दुसरी प्रत गेली तर पुढे तिथेही कॅन्सर होतो. अशा मुलांना कधी किशोरवयात हाडाचा ऑस्टिओसार्कोमा होतो तो यातूनच. किरणोत्सर्गाने DNA तुटतो, म्हणजे दुसऱ्या फटक्याला आमंत्रणच. पूर्वी डोळ्यावर बाहेरून रेडिएशन दिलेल्या आनुवंशिक मुलांत, नेमक्या त्या भागात पुढे सार्कोमा, म्हणजे हाडाचे आणि मऊ भागांचे असे कॅन्सर, जास्त झाले. आता अशा मुलांना, विशेषतः पहिल्या वर्षात, बाहेरून रेडिएशन शक्यतो टाळतात आणि केमो-लेझरवर भर देतात.

लालबागच्या घरात दुसरं मूल होणार आहे. घरातली चूक आता माहीत असल्यामुळे जन्मल्याबरोबर नाळेच्या रक्तातून फक्त ती एक जागा तपासली जाईल. C च दिसला तर बाळाला पुढे काही करायचं नाही. T दिसला तर पहिल्या आठवड्यातच डोळे तपासायचे आणि मग दर काही आठवड्यांनी, म्हणजे गाठ मोहरीएवढी असतानाच लेझरला सापडेल. मुलीच्या हाडात कुठे दुखतंय किंवा सूज आहे असं वाटलं, तर 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडून न देता एक्स-रे काढायचा. आणि वडिलांना, एकतिसाव्या वर्षी, आपल्या अंगातही ती प्रत आहे हे पहिल्यांदा कळलंय. सिगारेट सोडा, अंगावर कुठे नवी गाठ किंवा तीळ बदलताना दिसला तर थांबू नका, असं त्यांनाही सांगितलं गेलंय.